नाइटच्या सिस्टरची साडेसहाची भाकरी

माझी आतेबहीण सांगलीकडच्या एका रुग्णालयात सिस्टर आहे. महिन्यातले पंधरा दिवस तिची नाइट असते, रात्री आठ ते सकाळी आठ. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून एका दुपारी तिने मला फोन केला. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. म्हणाली, "अगं, चहा कमी केला, तिखट बंद केलं, गोळी रोज घेते. तरी आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं. आता अजून काय सोडू?"

मी म्हटलं, "ताई, काही सोडू नकोस. आठ दिवस फक्त लिहून ठेव. किती वाजता खाल्लंस, किती वाजता आडवी झालीस आणि जळजळ कधी झाली."

रोज तीस पेशंटांचे चार्ट भरणारी बाई ती. तिने स्वतःचाही चार्ट तसाच चोख भरला. सात नाइटच्या नोंदी वाचताना दोन गोष्टी सारख्या दिसत होत्या. संध्याकाळी घाईत चहा-बिस्किटांवर घर सोडायचं. डबा वॉर्ड शांत होईल तेव्हा उघडायचा, म्हणजे कधी अकरा, कधी एक, एकदा तर पहाटे साडेतीन. मधल्या वेळात चिवडा. सकाळी पावणेनऊला घरी आल्यावर कडकडून भूक, मग भरपूर पोहे नाहीतर रात्रीची भाजी-भाकरी, आणि सव्वानऊला अंथरूण. जळजळ सातपैकी पाच दिवस, सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान, झोपेतून उठवणारी.

ताईला वाटत होतं की दोष रात्रीच्या चहाचा आहे. पण ज्या दोन दिवशी जळजळ झाली नव्हती त्या दिवशीही चहा झालाच होता. फरक इतकाच होता की एका दिवशी ती घरी येताच न खाता झोपली होती आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत पालकसभा होती, त्यामुळे पोहे खाल्ल्यावर ती थेट बारा वाजता आडवी झाली होती.

आपण ज्याला ॲसिडिटी म्हणतो तिच्यात बऱ्याचदा आम्ल जास्त झालेलं नसतंच. जठरात आम्ल असायलाच हवं, त्याच्या अस्तराला ते सोसतंही. अन्ननलिकेच्या अस्तराला मात्र ते सोसत नाही. दोहोंच्या मध्ये स्नायूंचं एक वळं असतं. ते एरवी आवळलेलं राहतं, गिळताना उघडतं आणि जठर ताणलं गेलं की अधूनमधून आपोआप काही सेकंद सैल पडतं. ढेकर याच वाटेने येते. पोट तुडुंब असेल तर हे सैल पडणं वाढतं, आणि त्या क्षणी आम्लालाही वाट मोकळी मिळते.

यात आणखी एक गंमतशीर गोष्ट आहे. जेवल्यावर जठरातलं आम्ल अन्नात मिसळून बरंचसं सौम्य होतं. पण जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांत अन्नाच्या वरच्या थरावर, अगदी त्या वळ्याच्या खाली, ताज्या आणि तीव्र आम्लाचा एक साठा तयार होतो. आमटीवर तेलाचा तवंग तरंगावा तसा. बसलेल्या माणसात तो खालीच राहतो, आडवं झालं की तो वळ्याच्या तोंडाशी येतो. ताई पोहे खाऊन अर्ध्या तासात झोपत होती, म्हणजे नेमकी तो साठा भरलेला असताना.

जागेपणी थोडं आम्ल वर आलं तरी आपण ते निस्तरतो. अन्ननलिका आकुंचन पावून ते खाली ढकलते, आणि आपण दर मिनिटाला गिळत असलेली लाळ उरलेलं आम्ल शमवते, कारण लाळेत बायकार्बोनेट असतं, खायच्या सोड्यात असतं तेच. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते आणि गिळणंही क्वचित होतं. त्यामुळे दुपारी दोन मिनिटांत निवळलं असतं ते आम्ल झोपेत तिथेच रेंगाळतं. ताईची झोप सकाळी असली तरी झोपच ती. हा नियम घड्याळ बघत नाही.

काही नियम मात्र घड्याळ बघतात, आणि नाइट करणाऱ्यांचा खरा त्रास तिथे आहे. 1970 साली मूर आणि इंग्लर्ट या संशोधकांनी दाखवलं की उपाशी माणसाच्या जठरातही आम्ल दिवसभर सारखं स्रवत नाही. ते रात्री उशिरा, दहा ते दोनच्या सुमारास, सर्वांत जास्त असतं आणि सकाळी सर्वांत कमी. जठर रिकामं होण्याचा वेगही तसाच. तेच जेवण सकाळपेक्षा रात्री जास्त वेळ जठरात पडून राहतं. महिन्यातले पंधरा दिवस नाइट केल्याने हे आतलं घड्याळ उलटत नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, आणि ताई घरी परतते ती लख्ख उन्हातून.

पण शरीरात घड्याळ एकच नसतं. यकृत, आतडी, चरबी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळा पाहतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात 2017 साली दहा पुरुषांची जेवणं पाच तास पुढे ढकलून पाहिली. काही दिवसांत त्यांच्या रक्तातल्या साखरेची रोजची चढउतार जवळजवळ तेवढीच पुढे सरकली, झोपेच्या संप्रेरकाची लय मात्र जागची हलली नाही. भुकेचंही तसंच आहे. घ्रेलिन नावाचं भूक जागवणारं संप्रेरक रोजच्या जेवणाच्या वेळेआधी आपण होऊन चढतं. वेळ ठरलेली असेल तर जठर ती शिकतं. रोज वेगळी असेल तर शिकायला काही उरत नाही.

म्हणून आम्ही ताईचं ताट तेच ठेवलं, फक्त वेळा हलवल्या. झोप सकाळी पावणेदहाची धरली आणि तिथून मागे मोजत गेलो. जेवण जठरातून बऱ्यापैकी पुढे सरकायला तीन तास तरी हवेत. म्हणजे शेवटचा घास सकाळी सव्वासहाला, पुढच्या पाळीला ओव्हर द्यायच्या गडबडीआधी. तोही छोटा: दोन इडल्या, किंवा केळं आणि मूठभर शेंगदाणे. रात्री साडेबाराला, आम्ल ऐन भरात असताना, अर्धी भाकरी आणि मुगाची उसळ किंवा वाटीभर खिचडी. पोट अगदी रिकामं नको आणि ताणलेलंही नको, कारण नंतर वाकून पेशंटला कूस द्यायची असते, आणि भरल्या पोटाने वाकलं की आम्ल वर ढकललं जातं. साडेबारा ते सव्वासहा फक्त पाणी. आणि दिवसाचं खरं जेवण ड्यूटीला निघण्याआधी, संध्याकाळी साडेसहाला.

हे साडेसहा घरात सहज मान्य झालं नाही. कातरवेळी जेवू नये, हे सासूबाईंचं म्हणणं. शेवटी ठरलं की देवापाशी दिवा लागला की ताईचं ताट वाढायचं. ही वेळ मी मुद्दाम निवडली होती. नाइट असो, सुट्टी असो, संध्याकाळी साडेसहाला ताई घरी असतेच. बाकी वेळा हलल्या तरी हा एक खुंटा पक्का राहतो.

गोळीचा घोटाळा मला नंतर कळला. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सकाळी उपाशीपोटी'. ताई घरी आल्यावर पोह्यांसोबतच ती पॅन्टोप्राझोल घेत होती. या गटातली औषधं जठरातल्या आम्लाच्या पंपांना कायमची चिकटतात, पण चालू असलेल्या पंपांनाच. पंप चालू होतात ते जेवणाने. औषध रक्तात काही तासच टिकतं. म्हणून ते जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पोटात जायला हवं, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा ते हजर असतं. चिठ्ठीतली 'सकाळ' ही रात्री झोपणाऱ्या माणसाची सकाळ होती. ताईने तिच्या डॉक्टरांना विचारलं आणि गोळी संध्याकाळी पावणेसहाला, साडेसहाच्या जेवणाआधी, घ्यायला लागली.

पहिले तीन दिवस कठीण गेले. सकाळी सव्वासहाला इडली गिळवत नव्हती आणि पावणेनऊला घरी आल्यावर पोह्यांच्या वासाने जीव कासावीस व्हायचा. तिने ताक मागितलं, मी अर्धा पेला घे म्हटलं. थंड दूध मात्र नको सांगितलं. ते दहा मिनिटं गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. पाचव्या पहाटे तिचा मेसेज आला: 'सहाला पोटात कावळे ओरडायला लागले. पहिल्यांदाच.' सहाव्या रात्री मध्यरात्रीच ॲडमिशन आली, साडेबाराचा डबा दोनला उघडला आणि भुकेपोटी सगळा संपवला. पहाटे चारपर्यंत पोट जड आणि ढेकरा. त्यानंतर आम्ही ठरवलं की वेळ तासाभरापेक्षा जास्त चुकली तर निम्मंच खायचं.

नव्या वेळांच्या त्या सात नाइटमध्ये जळजळ दोनदा झाली, पुढच्या महिन्याच्या नाइटमध्ये पंधरा दिवसांत दोनदा. गोळीची वेळ आणि जेवणाच्या वेळा एकदमच बदलल्या, त्यामुळे कशाचा वाटा किती हे एका बाईच्या वहीवरून सांगता येणार नाही. खाणं आणि आडवं होणं यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर नेहमीच सांगतात. जठराला वेळ शिकवण्याचा ॲसिडिटीवर स्वतंत्र परिणाम किती होतो, याचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. माझा त्यावर भरवसा आहे तो मुख्यतः एका कारणाने: ठरलेल्या वेळेला भूक लागली की भलत्या वेळेला तुडुंब खाणं आपोआप थांबतं.

वेळा बदलण्याआधी मी ताईला आणखी काही प्रश्न विचारले होते, आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं असतं तर वही बाजूला ठेवून तिला तपासणीला पाठवलं असतं. घास अडकतो का, वजन उतरलंय का, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतं का, कंबरदुखीसाठी उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. आणि छातीतली आग चालताना किंवा जिने चढताना वाढते का, घाम फुटतो का, जबड्यात किंवा हातात कळ जाते का. ते दुखणं जठराचं नसून हृदयाचं असू शकतं, आणि बायका ते ॲसिडिटी समजून अंगावर काढतात. इतरांचे ईसीजी रोज काढणारी सिस्टरसुद्धा.

झोपायची कूसही तिने बदलली. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, उजव्या कुशीवर वर येतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली तिच्या नवऱ्याने दोन-दोन विटा ठेवल्या.

गेल्या सोमवारपासून तिची मॉर्निंग सुरू झाली. सव्वासहाची इडली आता ड्यूटीला निघण्याआधीचा नाश्ता झाली आहे आणि साडेबाराची अर्धी भाकरी दुपारच्या साडेबाराला गेली आहे. रात्री अकराला झोप. साडेसहाचं ताट जागचं हललेलं नाही. सासूबाई दिवा लावतात आणि स्वयंपाकघरातून हाक मारतात.