काळजीचं शेवटचं पान

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण म्हणतो. पण सतत काळजी करणाऱ्या माणसाला विचारा, तुला ज्याची भीती वाटते ते नेमकं कसं घडेल? उत्तर बहुधा धूसर येतं: “काहीतरी होईल, मग काय करणार?” वैऱ्याच्याही पुढे धावणारं हे मन ऐन प्रसंगाच्या दारात पोचलं की मागे वळतं आणि दुसरी काळजी धरतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बॉर्कोवेक यांनी या वळण्याचा अभ्यास केला. काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. 1990च्या एका प्रयोगात भाषणाची भीती असलेल्या काही जणांना आधी काळजी करायला लावली आणि मग भाषणाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगितला. त्यांना भीती तर वाटली, पण हृदयाचे ठोके फारसे वाढले नाहीत. शब्दांच्या गलक्यात शरीरापर्यंत भीती पोचलीच नाही. त्या क्षणी हे सोयीचं असतं. पण जे चित्र कधी पुरतं पाहिलंच नाही, त्याची सवय तरी कशी होणार?

म्हणून उपचारांत एक उलटा मार्ग वापरतात: सर्वात वाईट शक्यता पूर्ण तपशिलात लिहून काढायची. कॅनडात मिशेल दुगास आणि रोबेर लादुसेर यांनी अतिकाळजीच्या विकारावर जी उपचारपद्धती बसवली, तिचा हा एक भाग आहे.

समजा, एका हिशेबनिसाला महिनोन्‌महिने वाटतंय की आपल्या हातून मोठी चूक होणार. आधी मुळाशी जायचं. प्रत्येक उत्तरावर एकच प्रश्न: “आणि तसं झालं तर?” चूक झाली तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर? घर चालणार नाही. मग? “मग घरच्यांना कळेल की मी पहिल्यापासूनच नालायक होतो.” इथे आवाज बदलतो, डोळे भरतात. लिहायचं ते हेच पान. नोकरी नुसतीच वाटेत लागली होती.

पहिल्या दिवशी तो लिहितो: “कदाचित चूक सापडेल आणि मला बराच त्रास होईल, पण मार्ग निघेल.” अस्वस्थता 0 ते 100च्या मोजपट्टीवर जेमतेम 30. इतक्या कमी आकड्यावर खूश व्हायचं कारण नाही, कारण हे वाक्य म्हणजे कागदावर उतरलेली तीच जुनी पळवाट आहे. ‘कदाचित’ने चित्र पुसलं आणि ‘मार्ग निघेल’ने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या खेपेला तो वर्तमानकाळात आणि ‘मी’ म्हणून लिहितो: “मी स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. हातातलं पत्र घामाने ओलं झालंय. बायको ते वाचते, घडी घालते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, ‘मला वाटलंच होतं.’ नळ टपकतोय. माझा घसा कोरडा पडलाय.” आकडा 80. आता लेखन कामाला लागलं.

पुढे रोज साधारण अर्धा तास, आठवडाभर किंवा थोडं जास्त, तोच प्रसंग पुन्हा लिहायचा. नवी संकटं जोडायची नाहीत. शेवट गोड करायचा नाही, “असं होणारच नाही” असं मनाला बजावायचं नाही, आणि आकडा शिखरावर असताना वही मिटायची नाही. तिथेच थांबलं तर मनाला एवढंच कळतं, की बरं झालं पळालो. थोडं उतरेपर्यंत बसलं की वेगळीच गोष्ट कळते: हे चित्र असह्य वाटतं, पण त्यासोबत बसता येतं. ते खोटं आहे की नाही, हा प्रश्न या अर्ध्या तासापुरता बाजूलाच राहतो.

मात्र हे औषध सगळ्या काळज्यांना लागू नाही. उद्याचा हप्ता भरायचा राहिला असेल तर तो भरावा, त्यावर निबंध लिहू नये. ज्याच्यावर आज काही करता येत नाही, अशा ‘जर-तर’च्या काळजीसाठी ही पद्धत आहे. प्रत्यक्ष घडून गेलेल्या भयंकर प्रसंगाची आठवण छळत असेल, खोल नैराश्य असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एकट्याने वही उघडू नये. तिथे उपचारतज्ज्ञ सोबत हवा. दिवसेंदिवस लिहूनही आकडा हलत नसेल तर पानं पुन्हा वाचावीत. एखादा ‘पण’, एखादं ‘बहुतेक’ किंवा भलताच प्रसंग निवडल्याची खूण बऱ्याचदा तिथेच सापडते.

आपल्या हिशेबनिसाचा आकडा चौथ्या दिवशी 60वर आला, पाचव्या दिवशी काही कारण नसताना पुन्हा 70 झाला, तसं होतंच. आठव्या दिवशी तो 25वर होता. “मला वाटलंच होतं” हे वाक्य लिहिताना त्याला जांभई आली, आणि ‘स्वयंपाकघर’ आपण रोज अनुस्वाराशिवाय लिहीत होतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.