चाळीस मिनिटांची टाकी दहा मिनिटांत

दर उन्हाळ्यात हमखास दिसणारा एक गैरसमज आहे. खोली लवकर गार व्हावी म्हणून लोक एसीचा आकडा थेट १६ वर नेतात. साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटला कुठे थांबायचं एवढंच ठाऊक असतं, किती वेगाने जायचं हे त्याच्या हातात नसतं. २४ लावा नाहीतर १६ लावा, काँप्रेसर चालतो तो एकाच जोराने. तो २४ ला बंद पडायचा, आता पडत नाही, एवढाच काय तो फरक.

मग वेग ठरवायचा असेल तर? प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात हा प्रश्न रोजचा आहे आणि त्याचं सगळ्यात चालणारं उत्तर म्हणजे पीआय, म्हणजेच प्रपोर्शनल-इंटिग्रल कंट्रोलर: मोजलेलं तापमान बघून हीटरची ताकद सतत ठरवणारी पेटी. त्यात दोनच आकडे भरायचे असतात. हे दोन आकडे पुष्कळ ठिकाणी कुणीतरी पूर्वी भरलेले असतात आणि ‘लकी सेटिंग आहे, हात लावू नका’ म्हणून जपले जातात. दुसरीकडे पॅनलवर ‘फझी लॉजिक’, ‘ऑटो ट्यून’ अशी चकचकीत अक्षरं छापून विकणारे आहेत. नशिबावर आणि स्टिकरवर विसंबायची काहीच गरज नाही. शाळेतलं उष्णतेचं गणित येत असेल तर हे आकडे कागदावर काढता येतात, आणि ते ज्या रीतीने निघतात ती मला फार सुंदर वाटते.

एक टाकी घेऊ. चौदा लिटर पाणी, झाकण, ढवळणारा पंखा, २००० वॅटचा हीटर आणि तापमान मोजायला पीटी-१०० सेन्सर. हीटरला ० ते १०० टक्के अशी कोणतीही ताकद देता येते. खोलीचं तापमान २८ अंश आहे. हीटर ४० टक्क्यांवर ठेवून दिला की पाणी ६० अंशांना स्थिरावतं. आता कंट्रोलर मॅन्युअलला टाकायचा, हीटर ५० टक्के करायचा आणि घड्याळ घेऊन बसायचं.

पहिला मिनिटभर काहीच हलत नाही, कारण उष्णता सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. हा झाला डेड टाइम: १ मिनिट. मग तापमान चढू लागतं, आधी भराभर, पुढे संथ, आणि शेवटी ६८ ला थांबतं. दहा टक्क्यांनी आठ अंश, म्हणजे टाकीचा गेन ०.८ अंश प्रति टक्का. आठ अंशांपैकी ६३ टक्के, म्हणजे पाच अंश, चढायला डेड टाइम सोडून ४० मिनिटं लागली. हा टाकीचा टाइम कॉन्स्टंट. हे आकडे ताडूनही बघता येतात. चौदा लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ५९ किलोज्यूल लागतात आणि टाकी दर अंशामागे २५ वॅट बाहेर गळू देते. ५९,००० ला २५ ने भागा, सुमारे २,३५० सेकंद येतात, म्हणजे ४० मिनिटांच्या आसपासच.

ही चाळीस मिनिटं म्हणजे टाकीचा उपजत आळस. कंट्रोलच्या भाषेत हा तिचा मंद पोल. आपल्याला हवं आहे की सेटपॉइंट, म्हणजे आपण मागितलेलं तापमान, ६० वरून ६५ केला तर टाकीने जणू तिचा टाइम कॉन्स्टंट १० मिनिटांचा असल्यासारखं वागावं. दुसऱ्या शब्दांत, दर मिनिटाला उरलेल्या तुटीच्या दहाव्या भागाच्या वेगाने तापमान चढावं. तूट पाच अंशांची असेल तर वेग मिनिटाला अर्धा अंश, एक अंशाची असेल तर एक दशांश. डेड टाइम घटकाभर विसरू.

आता हीटरला विचारा, ही योजना पाळायला तुला काय काय करावं लागेल? त्याची कामं दोन. पहिलं काम पाणी चढवण्याचं. मिनिटाला एक अंश चढवायला ५९ किलोज्यूल मिनिटभरात ओतावे लागतात, म्हणजे हजारेक वॅट, म्हणजे हीटरचे ५० टक्के. अर्धा अंश चढवायला २५ टक्के. दुसरं काम गळती भरून काढण्याचं. प्रत्येक चढलेला अंश टिकवायला १.२५ टक्के जास्त लागतात, कारण एक टक्क्याला ०.८ अंश मिळतो.

पहिलं काम वेगावर अवलंबून आहे आणि आपल्या योजनेत वेग म्हणजे तुटीचा दहावा भाग. तेव्हा पहिल्या कामाची ताकद थेट तुटीच्या प्रमाणात: दर अंश तुटीमागे ५ टक्के. हाच पीआयमधला पी. दुसरं काम किती अंश चढून झालं त्यावर अवलंबून आहे. पण चढलेले अंश म्हणजे आजवरच्या सगळ्या तुटींच्या बेरजेचा दहावा भाग! प्रत्येक मिनिटाने तुटीचा दहावा भाग चढवला, त्यांचीच ती बेरीज. म्हणून दुसऱ्या कामाची ताकद साठलेल्या तुटीच्या प्रमाणात: दर अंश-मिनिटामागे ०.१२५ टक्के. हा झाला आय.

पीआय कंट्रोलर आपण कुठून आणला नाही, तो टाकीच्या गरजांमधून आपोआप बाहेर पडला. पी चढवतो, आय गळती भरतो. आणि ५ ला ०.१२५ ने भागलं की येतात बरोबर ४०. दोघांमधलं प्रमाण म्हणजेच टाकीचा टाइम कॉन्स्टंट. मीटरवर त्याला इंटिग्रल टाइम म्हणतात. वेग बदलायचा ठरवला तर पी आणि आय दोन्ही सारखेच वाढतात किंवा घटतात, हे प्रमाण मात्र हलत नाही. लाप्लासच्या भाषेत हीच गोष्ट अशी सांगतात: कंट्रोलरचा झिरो, जो पी आणि आय यांच्या प्रमाणावरून ठरतो, टाकीच्या मंद पोलवर नेऊन ठेवला, दोघे एकमेकांना छेदले, आणि लूपमध्ये उरला तो नुसता एक इंटिग्रेटर, म्हणजे फक्त बेरीज करत जाणारा भाग.

डेड टाइमची भरपाई सोपी आहे. कंट्रोलरला तूट मिनिटभर शिळी दिसते, म्हणून त्याने थोडं सबुरीने घ्यायचं. मागितलेल्या १० मिनिटांत हा १ मिनिट मिळवायचा:

```
Ti = τ
Kc = τ / (K · (τc + θ))
   = 40 / (0.8 · (10 + 1)) ≈ 4.5
```

`Ti` म्हणजे इंटिग्रल टाइम, `Kc` म्हणजे कंट्रोलरचा गेन, म्हणजेच आपला पी, `τ` आणि `K` म्हणजे टाकीचा टाइम कॉन्स्टंट आणि गेन, `τc` म्हणजे आपण निवडलेली १० मिनिटं आणि `θ` म्हणजे डेड टाइम. या रीतीला लॅम्डा ट्यूनिंग म्हणतात. तिचं मूळ डालिन यांच्या १९६८ च्या कामात आहे. `τc` कितीही लहान मागता येत नाही. डेड टाइमच्या खाली गेलात की लूप डोलू लागतो. दुसरी मर्यादा हीटरची. आपल्या निवडीत पाच अंशांच्या उडीला हीटर ४० वरून एकदम ६३ टक्क्यांना जातो आणि हळूहळू ४६ वर येतो, ते ठीक. दोन मिनिटांचा हट्ट धरला तर गणित १२३ टक्के मागतं. हीटर १०० ला अडतो, आय मात्र तूट साठवत राहतो, आणि पाणी ६५ च्या वर निघून जातं. म्हणून कंट्रोलरमधलं अँटी-वाइंडअप, म्हणजे हीटर अडला की आयचं साठवणं थांबवणारी सोय, चालू असलंच पाहिजे.

एवढं जमलं की सेटपॉइंट बदलल्यावर अर्ध्या तासात फक्त पाव अंश उरतो. आळस गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो.

कुणीतरी झाकण उघडून ठेवलं आणि गळती २०० वॅटने वाढली असं धरा, म्हणजे हीटरच्या १० टक्क्यांएवढी. कंट्रोलर नसता तर पाणी आठ अंशांनी उतरलं असतं. आपला कंट्रोलर ते सुमारे १.४ अंशांवर रोखतो, साधारण विसाव्या मिनिटाला. हे छानच. पण त्यानंतरची परत येण्याची चाल बघा. ऐंशीव्या मिनिटालाही ०.४ अंश बाकी असतो, दोन तासांनी ०.१५. ही शेपूट चाळीस मिनिटांची आहे, दहाची नाही! सेटपॉइंटच्या वाटेवर छेदला गेलेला पोल झाकणाच्या वाटेने पुन्हा हजर होतो, कारण पाण्याचा आळस पाण्यातच आहे. कंट्रोलरने फक्त स्वतःची मागणी अशी बेतली होती की तो डिवचला जाऊ नये. झाकण उघडणाऱ्याने अशी काळजी घेतलेली नसते.

याच कारणाने अस्थिर यंत्रणेचा, उदाहरणार्थ चुंबकाने हवेत तरंगणाऱ्या गोळीचा, वाढत जाणारा पोल कधीही असा छेदायचा नसतो. तिथे लपलेली गोष्ट विझत नाही, फुगत जाते.

शेपटीवर इलाज आहे. झाकणाचे १० टक्के शेवटी आयलाच भरायचे आहेत. तेवढे भरेपर्यंत किती अंश-मिनिटं तूट साठवावी लागेल, हे फक्त आयचा जोर ठरवतो. डेड टाइमच्या भरपाईनंतर आपल्याकडे तो ०.१२५ चा ०.११४ झाला आहे, म्हणजे ८८ अंश-मिनिटं. नॉर्वेचे सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये यासाठी एक सोपा नियम मांडला: इंटिग्रल टाइम टाकीच्या टाइम कॉन्स्टंटएवढा किंवा `4(τc + θ)` एवढा, जो लहान असेल तो घ्या. आपल्या निवडीत दुसरा आकडा ४४ येतो, तेव्हा ४० च बरोबर. पण `τc` ४ मिनिटं घेतलं तर तो २० येतो. मग कंट्रोलरचा गेन १०, इंटिग्रल टाइम २०. छेदण्याचा हट्ट धरून ४० ठेवला असता तर झाकणाची तूट ४० अंश-मिनिटं झाली असती, आता ती २० होते, आणि शेपूट चाळीसऐवजी साधारण सोळा मिनिटांची. किंमत एवढीच की सेटपॉइंट बदलला की पाणी किंचित वर जाऊन खाली येतं. ज्या टाकीत सेटपॉइंट महिनोन् महिने बदलत नाही आणि झाकण दिवसभर उघडतं, तिथे हा सौदा डोळे झाकून करावा.

छेद नेमका बसला की नाही हे आलेखावरून कळतं. तापमान झपकन बरंच चढून शेवटचा थोडा भाग खालून रेंगाळत असेल तर इंटिग्रल टाइम जास्त आहे. वर जाऊन सावकाश परतत असेल तर कमी. आपल्या टाकीत हे घडवायला पाणी अर्धं करणं पुरेसं आहे. गळती जवळपास तेवढीच राहते म्हणून टाकीचा गेन ०.८ च्या आसपासच राहतो, पण टाइम कॉन्स्टंट २० मिनिटांवर येतो. जुन्याच आकड्यांनी पाच अंशांची उडी मागितली तर सव्वाचार अंश भर्रकन मिळतात आणि उरलेला पाऊण अंश पाऊण तासाच्या टाइम कॉन्स्टंटने रांगत येतो. नवे आकडे काढा: कंट्रोलरचा गेन ४.५ चा २.३ आणि इंटिग्रल टाइम २०. त्यांचा भागाकार, म्हणजे आयचा जोर, मात्र होता तोच राहतो. गळती तेवढीच आहे, चढवायचं पाणी तेवढं निम्मं झालं आहे.