पहिल्या नोकरीची पगार स्लिप फोटोवरून कशी वाचायची: जमा, कपात आणि हातात येणारी रक्कम

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी माझ्या सेवा केंद्रावर आले. मुलगी 6 जूनला बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कंत्राटदारामार्फत कामाला लागली होती. तिने पहिल्या पगाराच्या स्लिपचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मोबाइल माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "सतरा हजार सांगतले होते जी. खात्यात बारा हजार तीनशे पंच्याण्णव आले. बाकीचे कुठी गेले?"

असे फोटो घेऊन आता दर महिन्याला कोणी ना कोणी येतं. म्हणून हीच स्लिप घेऊन सगळं सांगतो. एक स्लिप नीट कळली की दुसरी वाचायला अडचण येत नाही.

फोटो चिमटीने मोठा केला तेव्हा डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला कपात दिसली:

- मूळ पगार व महागाई भत्ता, म्हणजे बेसिक व डीए: 12,000
- घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए: 2,167
- एकूण जमा (ग्रॉस): 14,167
- पीएफ: 1,440
- ईएसआय: 107
- व्यवसाय कर (पीटी): 200
- कामगार कल्याण निधी (एलडब्ल्यूएफ): 25
- एकूण कपात: 1,772
- निव्वळ पगार (नेट पे): 12,395

फोटोत कागदाला घडी पडली होती, त्यामुळे पीएफचा आकडा 1,940 असल्यासारखा दिसत होता. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, बेरीज करा. 1,940 धरले तर एकूण कपात 2,272 होते आणि खालच्या 1,772 शी जुळत नाही. शिवाय 12,000 चे 12 टक्के 1,440 होतात. म्हणजे तो 9 नसून 4 आहे. स्लिपमध्ये प्रत्येक आकडा दुसऱ्या कुठल्या तरी आकड्याला बांधलेला असतो, त्यामुळे पुसट अंकही असा सापडतो. तरी पोरांना सांगून ठेवा: कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा, चारही कडा दिसू द्या. वरचा कंपनीचा आणि महिन्याचा भाग हमखास कापला जातो, आणि नेमका तोच पुढे लागतो. हा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात खाते क्रमांक आणि यूएएन, म्हणजे पीएफसाठी कामगाराला मिळालेला कायमचा क्रमांक असतो.

सतराचे चौदा कसे झाले

पहिला मोठा फरक कपातीचा नाही, दिवसांचा आहे. स्लिपच्या वरच्या भागात "पेड डेज" अशी ओळ असते. हिच्या स्लिपवर तिथे 25 लिहिलं होतं. जून 30 दिवसांचा, मुलगी 6 तारखेला रुजू झाली, म्हणून 25 दिवसांचा पगार. ठरलेला पगार होता बेसिक व डीए 14,400 आणि एचआरए 2,600, मिळून 17,000. त्याला 30 ने भागून 25 ने गुणलं की 12,000 आणि 2,167 येतात. 2,833 रुपये इथेच कमी झाले आणि ते कोणी कापलेले नाहीत. तेवढे दिवस ती कामावर नव्हती.

इथे एक गोष्ट तपासायची. काही ठिकाणी महिना 30 ऐवजी 26 दिवसांचा धरतात, म्हणजे साप्ताहिक सुट्ट्या वगळून. तसं असेल तर पेड डेजमध्येही सुट्ट्या धरलेल्या नसतात. दोन्ही पद्धती चालतात. पण भागायला 30 घ्यायचे आणि गुणायला सुट्ट्या वगळलेले दिवस घ्यायचे, असं केलं की पगार बुडतो. त्यामुळे हजेरीचे दिवस स्वतःच्या वहीत रोज लिहून ठेवायला सांगा. पंच मशीनचा हिशेब आणि वहीचा हिशेब जुळला नाही तर त्याच महिन्यात विचारता येतं.

कपातीच्या ओळी: कोण पात्र, किती टक्के

पीएफ लागू होतो 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत. पहिल्याच नोकरीत बेसिक व डीए 15,000 पर्यंत असेल तर कपात सक्तीची आहे, "मला नको" म्हणता येत नाही. कामगाराचा वाटा 12 टक्के, आणि तो ग्रॉसवर नाही, बेसिक व डीएवर. हिच्या बाबतीत 1,440 बरोबर आहेत.

मालकालाही तेवढेच, 1,440 रुपये, स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,000 रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले 440 पीएफमध्ये. मालकाचा हा वाटा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. काही स्लिपवर तळाला "एम्प्लॉयर पीएफ" अशी माहितीपुरती ओळ असते, तिने घाबरू नका. ती रक्कम एकूण कपातीच्या बेरजेत धरली असेल तर मात्र ती चूक आहे आणि लगेच विचारायला हवं.

ईएसआय म्हणजे कामगार विमा. 10 किंवा जास्त कामगार आणि महिन्याचा पगार 21,000 पर्यंत, ही अट. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के, आणि हे ग्रॉसवर. 14,167 वर 106.25 येतात, पण ईएसआयमध्ये पैसे नेहमी पुढच्या पूर्ण रुपयाला नेतात, म्हणून 107. ओव्हरटाइम मिळाला तर पीएफ वाढत नाही, ईएसआय वाढतो. त्यावरून बऱ्याच पोरांचा गोंधळ होतो.

वडिलांना सगळ्यात जास्त राग याच ओळीचा होता. मी त्यांना सांगितलं, या 107 रुपयांवर तिचा औषधोपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतो, आणि कुटुंबात नोंद केली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही होतो. म्हणूनच रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये घरच्यांची नावं सुटली का, ते आधी बघा. आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र लगेच मिळत नाहीत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

कामगार कल्याण निधीचे 25 रुपये फक्त जून आणि डिसेंबरमध्ये कापतात. जुलैच्या स्लिपवर ही ओळ दिसू नये.

शिकाऊ उमेदवारांचं वेगळं आहे. अॅप्रेंटिस कायद्याखाली करार झालेला असेल तर मिळतो तो पगार नसून विद्यावेतन, आणि त्यातून पीएफ, ईएसआय कापत नाहीत. आयटीआयची बरीच पोरं इथून सुरुवात करतात, त्यांच्या स्लिपवर या ओळी नसल्या तर बुचकळ्यात पडायचं कारण नाही.

चूक निघाली ती व्यवसाय करात

आता 200 रुपयांची ओळ. महाराष्ट्रात पुरुषांचा पगार 7,500 पर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही, 10,000 पर्यंत 175, त्यापुढे 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. पण स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंत हा कर पूर्ण माफ आहे. या मुलीचा ग्रॉस 14,167. तिच्या नावावर एक रुपयाही कापायला नको होता. तिचा निव्वळ पगार 12,595 यायला हवा होता.

ही चूक मी एकदाच पाहिलेली नाही. सॉफ्टवेअरमध्ये कामगाराची नोंद करताना स्त्री की पुरुष हा रकाना चुकीचा भरला, की दर महिन्याला 200 जातात आणि वर्षाचे 2,500 होतात. म्हणून मुलींच्या स्लिपवर सगळ्यात आधी ही ओळ बघा, आणि वरच्या भागात लिंगाचा रकाना असेल तर तोही.

स्लिपवर कापलं, खात्यात भरलं का?

स्लिपवरचा पीएफ म्हणजे फक्त कापल्याची नोंद. भरल्याची नोंद पासबुकात दिसते. जूनचा पीएफ मालकाने 15 जुलैपर्यंत भरायचा असतो, म्हणून त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बघायचं. स्लिपवर 12 अंकी यूएएन असतो. उमंग अॅपवर किंवा passbook.epfindia.gov.in वर तो टाकून पासबुक उघडतं. यूएएन चालू करून आधार जोडलेलं असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक एसएमएसने येते. नेट धड चालत नाही त्या गावात हा मार्ग सोपा.

पासबुकात तीन रकाने जुळले पाहिजेत: कामगाराचे 1,440, मालकाचे 440, पेन्शनचे 1,000. इथे लक्षात ठेवायचं की मालक म्हणजे कंत्राटदार. ज्या कारखान्यात मुलगी उभी राहते त्याचं नाव पासबुकात दिसेलच असं नाही. म्हणूनच फोटोत स्लिपचा वरचा भाग हवा.

दोन महिने होऊनही रक्कम दिसली नाही तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी यूएएन, पगार स्लिपा, पगार जमा झालेला बँक पासबुकाचा उतारा आणि नेमणूक पत्र किंवा गेट पास जवळ हवा. नेमणूक पत्र कंत्राटदार सहसा हातात देत नाहीत. रुजू होतानाच मागायला सांगा, निदान फोटो तरी काढून घ्यायला.

मूळ कागदांपैकी आधार, पॅन, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. आधारवर आणि बँकेत नाव एकसारखं नसेल तर पुढे पैसे काढताना अडतं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. हे पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घेतलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

त्या दिवशी वडिलांना समोर बसवून मुलीला फोन लावला आणि तिच्याकडून कंत्राटदाराच्या ऑफिसला पाठवायचा मेसेज लिहून घेतला. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं. मेसेज असा होता:

"सर, जून महिन्याच्या पगारातून व्यवसाय कराचे 200 रुपये कापले आहेत. मी महिला कर्मचारी आहे आणि माझा पगार 25,000 पेक्षा कमी असल्याने मला हा कर माफ आहे. कृपया माझ्या नोंदीतील लिंगाचा रकाना तपासावा आणि 200 रुपये जुलैच्या पगारात परत जमा करावेत. जूनच्या स्लिपचा फोटो सोबत जोडत आहे."

ऑगस्टमध्ये तिच्या दुसऱ्या स्लिपचा फोटो आला. पेड डेज 31. डाव्या बाजूला एक नवी ओळ होती, "अरिअर्स 200", आणि उजवीकडून पीटीची ओळ गेली होती.