वासरांची हगवण : शोषाची पारख आणि उपचार

जन्मापासून साधारण महिनाभराच्या आत वासराला होणाऱ्या पातळ जुलाबांना वासरांची हगवण म्हणतात. शेण पांढुरके किंवा पिवळसर असेल तर गोठ्यावर तिला ‘पांढरी हगवण’ म्हणतात, पण रंगावरून कारण ठरत नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत ई. कोलाय जिवाणू, पुढे दोन-तीन आठवडे रोटा व कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी, ही नेहमीची कारणे आहेत. कारण कोणतेही असले तरी वासरू बहुधा जंतूमुळे मरत नाही. शेणावाटे पाणी व क्षार जातात, रक्त आम्लधर्मी होते आणि त्यानेच ते दगावते. त्यामुळे किती पाणी गेले आहे, म्हणजे शोष किती आहे, हे आधी पाहायचे असते.

ते डोळ्यावरून उत्तम कळते. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढावी आणि नाकाकडच्या कोपऱ्यात बुबुळाचा गोळा व पापणी यांच्यामधली फट पाहावी. निरोगी वासरात फट नसते. फटीच्या मिलिमीटरला १.६ ने गुणले की वजनाच्या किती टक्के पाणी गेले याचा अंदाज येतो. आगपेटीतली काडी साधारण २ मिमी जाड असते, म्हणून दोन काड्या मावतील एवढी फट म्हणजे ४ मिमी, सुमारे साडेसहा टक्के. दुसरी खूण कातडीची. मानेच्या मध्यावर बाजूची कातडी चिमटीत धरून थोडी पिळावी, सोडावी आणि सेकंद मोजावेत. दोन सेकंदांच्या आत सपाट झाली तर ठीक. तीन-चार सेकंद लागले तर शोष आहे, पाचाच्या पुढे गेले तर तो गंभीर आहे. गळ्याखालची लोंबती कातडी यासाठी घेऊ नये, ती मुळातच सैल असते. बरेच दिवस उपाशी, हडकलेल्या वासराचे डोळे चरबी झडल्यानेही खोल जातात, तेव्हा एकट्या डोळ्यावर विसंबू नये.

उलटही घडते. आठवड्याहून मोठे वासरू डोळे फारसे खोल नसतानाही झोकांड्या खाते, बोट तोंडात घातले तर चोखत नाही. हा रक्तातल्या आम्लाचा परिणाम असतो. अशा वासराला, तसेच उभे न राहणाऱ्या किंवा तोंड आतून गार लागणाऱ्या वासराला पाजून भागत नाही, शिरेतून सलाईन आणि सोडा लागतो. डॉक्टर लगेच बोलवावेत.

चोखणाऱ्या वासराला मात्र पाजण्यानेच तारता येते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, हे सगळे काट्यावर तोलून घालावे. चमच्याच्या अंदाजाने मीठ जास्त पडले तर अंगातला सोडियम धोकादायक पातळीवर चढतो. घरगुती मीठ-साखर-पाणी माणसाला चालते, वासराला नाही. साखर फोडणारे विकर त्याच्या आतड्यात नसते. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. गुळाचेही तेच.

३० किलोची आठ दिवसांची संकरित कालवड घेऊ. फट ४ मिमी, कातडी तीन सेकंदांत बसते, बोट चोखते, उभी आहे. तूट सात टक्के धरली तर २.१ लिटर. दिवसभरात जुलाबांतून आणखी दीड लिटर जाईल असे धरू. म्हणजे द्रावण ३.६ लिटर, तीन वेळा १.२ लिटर. दूध बंद करायचे नाही. दूध तोडल्याने जुलाब थांबत नाहीत, कालवड उपाशी राहते आणि आतड्याचे अस्तर भरून यायला पोषण मिळत नाही. सकाळी सातला व संध्याकाळी सहाला दीड-दीड लिटर दूध, आणि द्रावण दहा, दोन व रात्री दहाला. दोन्ही एकत्र केल्यास सोड्यामुळे पोटात दुधाची गाठ बसत नाही. बाटलीने जबरदस्तीने घशात ओतू नये, ठसका लागून द्रावण फुप्फुसात जाते. दुसऱ्या दिवशी शेण पातळच असेल, पण फट २ मिमीवर आली आणि कालवड जोमाने प्यायली तर उपचार लागू पडला असे समजावे.

अँटिबायोटिक नेहमी लागत नाही. विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर त्याचा उपयोग नाही, आणि तोंडाने दिलेली काही अँटिबायोटिके स्वतःच जुलाब लावतात. ताप नसलेल्या, उभ्या, पिणाऱ्या वासराला ती देऊ नयेत. ४० अंश सेल्सिअसवर ताप किंवा अंग गार पडणे, पिणे सोडणे, उठता न येणे, शेणात रक्त किंवा आतड्याच्या अस्तराचे तुकडे, नाळ किंवा सांधे सुजणे, यांपैकी काही असेल तर आतड्यातले जिवाणू रक्तात उतरल्याची शक्यता खरी असते. तेव्हा डॉक्टरांनी निवडलेले इंजेक्शन योग्य ठरते, आणि सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे लागते. तीन आठवड्यांपुढच्या वासराच्या रक्ती हगवणीत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचाही संशय घ्यावा, त्याचे औषध वेगळे आहे. वासरांना पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर भारतात २०१९ पासून अन्नोत्पादक जनावरांसाठी बंदी आहे, त्यामुळे जुन्या पुड्या शिल्लक असल्या तरी वापरू नयेत.