सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा: एकाच वाक्यात कोंबलेल्या दोन वेगळ्या तक्रारी

"सामनेवाल्याने सेवेत त्रुटी ठेवली असून अनुचित व्यापारी प्रथेचाही अवलंब केला आहे." लातूर, नांदेड, बीड, कुठल्याही जिल्ह्यातली ग्राहक तक्रार वाचायला घ्या, हे वाक्य हमखास सापडते. तक्रार बँकेविरुद्ध असो, विमा कंपनीविरुद्ध असो की मंगल कार्यालयाविरुद्ध, वाक्य तेच असते, आणि त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला पुरावा जोडलेला असतो, दुसऱ्या अर्ध्या भागाला काहीच नसते. लोक हे दोन शब्दप्रयोग जोडनावासारखे लिहितात याचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यामुळे तक्रारदाराचे खरेखुरे नुकसान होते.

सेवेतील त्रुटी बहुतेकांना कळते. जे काम कायद्याने किंवा कराराने करायला हवे होते, त्याच्या दर्जात, स्वरूपात किंवा करण्याच्या पद्धतीत उणीव राहिली, की ती त्रुटी. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(11) मध्ये तिची व्याख्या आहे. वस्तूचा दोष त्याहून वेगळा: सोयाबीनचे बियाणे उगवले नाही तर तो वस्तूतील दोष, त्याला सेवेतील त्रुटी म्हणू नये. एवढे सांगून हा भाग सोडतो.

खरा घोटाळा अनुचित व्यापारी प्रथेपाशी होतो. पुष्कळांना वाटते की त्रुटी फार मोठी झाली, किंवा समोरचा उर्मटपणे वागला, की तिची अनुचित प्रथा होते. तसे नाही. हा लहानमोठेपणाचा फरकच नव्हे. कलम 2(47) नुसार ही प्रथा म्हणजे विक्री वाढवण्यासाठी किंवा सेवा खपवण्यासाठी वापरलेली अनुचित वा फसवी रीत. खोटे विधान, फसवी जाहिरात, नसलेल्या दर्जाचा दावा हे तिचे नेहमीचे प्रकार. म्हणजे त्रुटी सेवा देताना घडते, तर प्रथेचा मुख्य प्रकार गिऱ्हाईक ओढताना घडतो. सेवा उत्तम दिली तरी प्रथा अनुचित असू शकते, आणि जाहिरातीत एकही खोटा शब्द नसताना सेवा पार ढिसाळ असू शकते.

लातूरच्या शिकवणीवर्गाचे उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मुलीला नीटच्या तयारीसाठी 10 महिन्यांच्या वर्गात घातले आणि 1,20,000 रुपये शुल्क भरले, असे समजा. चौकातल्या फलकावर गेल्या वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लागलेल्या मुलांचे फोटो होते. पत्रकावर "एका तुकडीत फक्त 60 विद्यार्थी" असे छापले होते. प्रत्यक्षात वर्गात 140 मुले बसली. सहा महिन्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षक सोडून गेले आणि उरलेले चार महिने तो विषय कोणी शिकवलाच नाही. शिवाय फलकावरची बरीच मुले त्या वर्गात शिकलेलीच नव्हती, त्यांनी फक्त शेवटची सराव परीक्षामाला दिली होती, हे पुढे कळले.

भौतिकशास्त्राचे चार महिने ही सेवेतील त्रुटी आहे. शिक्षक सोडून जाईल हे प्रवेशाच्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा तिथे खोटे बोलणे नाही. पर्यायी शिक्षक नेमला नाही ही उणीव आहे. फलकावरचे फोटो ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, कारण विधान केले त्याच दिवशी ते दिशाभूल करणारे होते, आणि वर्गात पुढे कितीही चांगले शिकवले असते तरी ते तसेच राहिले असते. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच नेमके पकडले आहे: यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला आणि तो सशुल्क होता का, हे फोटोसोबत सांगायला हवे.

साठ मुलांची तुकडी हा मात्र अवघड मुद्दा आहे आणि इथेच भलेभले चुकतात. आश्वासन पाळले नाही म्हणून ते आपोआप खोटे ठरत नाही. वर्गाने खरोखर 60 जागांची तुकडी सुरू केली आणि दिवाळीनंतर दोन तुकड्या एकत्र केल्या, तर ती त्रुटी. पण पत्रक वाटले जात असतानाच त्या तुकडीत 100 प्रवेश झालेले होते, तर ते विधान उच्चारतानाच खोटे होते आणि ती अनुचित प्रथा झाली. म्हणून मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: हे विधान ज्या दिवशी केले, त्या दिवशी खरे होते का? उत्तर मिळते ते तारखांतून. पत्रकाचा किंवा व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीचा दिवस, शुल्काच्या पावतीचा दिवस आणि पहिल्या आठवड्याची हजेरी एकमेकांशेजारी ठेवावी. पावतीनंतर काढलेला फलकाचा फोटो फारसा कामाचा नसतो, कारण तो पाहून प्रवेश घेतला हे त्यातून दिसत नाही.

कायद्याने स्वतःच दोन ठिकाणी या सीमेवर पूल बांधला आहे, हेही खरे. जाणूनबुजून माहिती दडवणे त्रुटीच्या व्याख्येत येते. उलट, त्रुटीयुक्त सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत करायला नकार देणे, हे अनुचित प्रथेत येते. म्हणून शुल्क परत मागणारे पत्र लेखी आणि पोच घेऊन द्यावे. तोंडी मागणी केली की हा मुद्दा हातचा जातो.

इतकी चिरफाड कशासाठी, तर मागणी बदलते. त्रुटीच्या जोरावर शेतकरी न मिळालेल्या सेवेचा हिशेब मांडू शकतो: तीन विषय धरले तर एका विषयाचे 40,000, त्यातले दहापैकी चार महिने म्हणजे 16,000 रुपये, आणि वर मनस्तापाची नुकसानभरपाई. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर त्याचे म्हणणे असे राहील की खरे कळले असते तर प्रवेशच घेतला नसता, म्हणजे वाद संपूर्ण 1,20,000 रुपयांचा होतो. शिवाय कलम 39 खाली ती प्रथा बंद करण्याचा आणि चूक दुरुस्त करणारी जाहिरात देण्याचा आदेश मागता येतो, जो नुसत्या त्रुटीवर मागण्यात अर्थ नाही.

मात्र हे सारे तक्रारीत लिहिलेले असले पाहिजे. जनरल मोटर्सच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने कंपनीवर अनुचित व्यापारी प्रथेसाठी 25 लाख रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाई बसवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती रद्द केली, कारण तशी मागणी वा तिचा आधार मूळ तक्रारीत मांडलेलाच नव्हता आणि कंपनीला त्यावर उत्तर देण्याची संधी मिळाली नव्हती. सुरुवातीला दिलेले ते साचेबंद वाक्य अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी दोन स्वतंत्र परिच्छेद करावेत: एकात कोणते विधान, कोणी, कधी, कशावर केले आणि ते खोटे कसे, दुसऱ्यात कोणती सेवा ठरली होती आणि कोणत्या तारखेपासून मिळाली नाही. पावतीवरच्या "शुल्क परत मिळणार नाही" या अटीलाच अनुचित करार म्हणून आव्हान द्यायचे असेल, तर ते प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते.