मित्राच्या रिसेप्शनमधला टोस्ट : तुमचा मसुदा आम्ही कसा तपासतो

आमच्याकडे येणारे बहुतेक मसुदे अमेरिकेतल्या रिसेप्शनसाठी असतात. नवरा किंवा नवरी मराठी, दुसरं घर गुजराती, पंजाबी, तमिळ किंवा अमेरिकन, आणि जेवणाआधी माइक हातात घेणारा जुना मित्र. अशा टोस्टमध्ये आम्ही तीनच गोष्टी बघतो: कंपूतले विनोद, लांबी, आणि दोन्ही घरांबद्दलचा जिव्हाळा. भाषेच्या चुका जाता जाता दुरुस्त होतात, पण आमचं खरं काम ते नाही.

मसुदा पाठवताना सोबत चार ओळी लिहा: पाहुणे साधारण किती, मराठी न कळणारे किती, तुमच्याआधी आणि नंतर कोण बोलणार, आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना तुम्ही प्रत्यक्ष कशी हाक मारता. हाक महत्त्वाची. रोज ज्यांना ‘काकू’ म्हणता त्यांना माइकवर ‘मिसेस अमुक’ म्हटलंत तर त्या मनातून खट्टू होतात.

काम कसं चालतं ते दाखवायला एक मसुदा आम्ही इथे रचून घेतला आहे. नवरा कोल्हापूरचा, नवरीचं घर मूळ बडोद्याचं, आता न्यू जर्सीत एडिसनला. पाहुणे 220. बोलणारा नवऱ्याचा हॉस्टेलमधला रूम पार्टनर. मसुदा इंग्रजीत, 910 शब्दांचा. त्यातली वाक्यं इथे मराठीत देतो.

आधी विनोद. पहिल्या वाचनात आम्ही प्रत्येक विनोदापुढे खूण करतो: सगळ्या हॉलला कळेल, एका वाक्याची पार्श्वभूमी दिली तर कळेल, की फक्त कंपूलाच कळेल. या मसुद्यात नऊ विनोद होते आणि त्यातले सहा तिसऱ्या प्रकारचे. नमुना बघा:

‘रूम नंबर 214, ती रात्र आणि ती खिचडी! ज्यांना कळलं त्यांना कळलं.’

यावर एक टेबल खो खो हसेल. उरलेले दोनशे जण ‘ती रात्र’ म्हणजे काय याचा विचार करत बसतील, आणि नवरीची मावशी नको तोच अंदाज बांधेल. मित्रांना वाटतं की अर्धवट सांगितलेली गोष्ट सोज्वळ राहते. होतं उलटंच. प्रत्यक्षात काय घडलं होतं ते विचारल्यावर हे हाती आलं:

‘हॉस्टेलवर एका रात्री मला ताप भरला. मेस बंद. याने इलेक्ट्रिक किटलीत खिचडी शिजवली. खिचडी चांगली झाली, किटली कामातून गेली. वॉर्डनने दंड केला, तो निम्मा मी भरायचा होता. अजून भरलेला नाही.’

शब्द वाढले, पण आता कोल्हापूरकर आणि बडोदेकर एकाच वेळी हसतील. खिचडी दोन्ही घरांत शिजते, आणि आजारी मित्राची काळजी घेणारा नवरा न सांगता दिसतो. म्हणून तिसऱ्या प्रकारचा विनोद दिसला की आम्ही तो लगेच कापत नाही, आधी त्यामागची घटना मागवतो. सहापैकी ही एकच गोष्ट टिकली. बाकीच्या पाचांत दोन टोपणनावं होती, एक गोव्याची सहल, एक प्राध्यापकाची नक्कल आणि एक जुनी मैत्रीण. जुन्या मैत्रिणीचा उल्लेख आम्ही कारण न विचारता काढतो, नाव नसलं तरी. ‘आता तुझं स्वातंत्र्य संपलं’ हेही काढतो. ते नवरीच्या वडिलांसमोर तिलाच जेलर ठरवणं आहे. शिवाय घासून गुळगुळीत झालेलं आहे.

आता लांबी. इंग्रजीत माणूस मिनिटाला साधारण 130 शब्द बोलतो. मराठीत शब्दांना प्रत्यय चिकटत असल्यामुळे थोडे कमी होतात. म्हणजे 910 शब्दांना सात मिनिटं, आणि हशा, टाळ्या, माइकची खरखर धरून आठ. रिसेप्शनमध्ये चार जण बोलणार असतील आणि प्रत्येकाने आठ मिनिटं घेतली तर अर्ध्या तासावर गेलं. तोवर केटररने बुफे मांडलेला असतो आणि आजीआजोबांची जेवणाची वेळ टळून गेलेली असते. आम्ही चार मिनिटांत बसवतो, म्हणजे 450 शब्दांच्या आसपास. मोजणी मोबाइलवर वेळ लावून, उभं राहून, मोठ्याने वाचून करा. मनात वाचलं की वेळ नेहमी कमीच भरते.

कापायचं कुठून? बहुतेक वेळा सुरुवातीपासून. या मसुद्याचे पहिले 160 शब्द ‘मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घाबरलो’ आणि ‘प्रेम म्हणजे काय’ यातच गेले होते. ते पूर्ण काढले. ‘मी याचा रूम पार्टनर, चार वर्षांचा’ एवढी ओळख पुरते आणि तिथून थेट किटलीवर जाता येतं. दुसरी जागा म्हणजे ‘मी’. ज्या परिच्छेदात ‘मी’ नवऱ्यापेक्षा जास्त वेळा येतो, तो टोस्ट नव्हे, आत्मचरित्र आहे.

सगळ्यात जास्त वेळ आमचा जिव्हाळ्यावर जातो. मित्र नवऱ्याच्या घरी जेवलेला असतो, त्यामुळे त्या बाजूचं आपोआप नेमकं येतं. या मसुद्यात काकूंनी दर दिवाळीला मित्रासाठी वेगळा बांधलेला चिवड्याचा डबा होता. नवरीच्या आईवडिलांबद्दल मात्र ‘फार चांगली माणसं आहेत’ एवढंच. ओळी मोजल्या तर दोन्हीकडे दोन-दोन भरतात, तरी फरक ऐकू येतो: एकीकडे डबा आहे, दुसरीकडे नुसतं विशेषण. गोड शब्द वाढवून हे भरून निघत नाही.

उपाय एक फोन. नवरीच्या भावाला किंवा मैत्रिणीला विचारा, ‘हा पहिल्यांदा तुमच्या घरी आला तेव्हा काय झालं?’ आपल्या उदाहरणात उत्तर असं धरू: वडील त्याला न्यायला स्वतः स्टेशनवर गेले, गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, आणि त्यांनी उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त ‘जमीने आव्यो?’ म्हणजे जेवून आलास का, एवढं विचारलं. मसुद्यात हे तीन वाक्यांत आलं आणि खिचडीशी आपोआप जुळलं. मात्र असा प्रसंग मंचावर सांगायला त्या घराची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्या. फोनवर काही सापडलं नाही तर आम्ही प्रसंग रचून देत नाही. त्याऐवजी त्या रात्री स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगण्यासाठी एका वाक्याची जागा मोकळी ठेवतो.

नवरीच्या घराबद्दल दोन वाक्यं आम्ही नेहमी बदलतो. ‘आता ती आमची झाली’ हे तिच्या आईला टोचतं. ‘तुम्ही आमच्या मित्राला सुधारलंत’ यात नवऱ्याच्या आईला टोमणा ऐकू येतो.

शेवटी पेला. पाहुण्यांना उभं राहायला अगदी शेवटच्या वाक्याआधी सांगा. सुरुवातीलाच उठवलं तर चार मिनिटं हात अवघडतात. दारू न घेणारी घरं असतात म्हणून ‘शॅम्पेन’ न म्हणता ‘पेला’ किंवा ‘ग्लास’ म्हणा, पाणी किंवा सरबतही चालतं. दोघांची नावं घ्या आणि थांबा. त्यानंतर ‘आणि हो, एक राहिलंच’ नको.

दुरुस्त प्रत आम्ही मोठ्या अक्षरांत, क्रमांक घातलेल्या कार्डांवर बसेल अशी देतो. फोनवरून वाचू नका, ऐन वेळी स्क्रीन बंद होते. परक्या भाषेतली नावं त्यांच्या उच्चारासह देवनागरीत लिहिलेली असतात. मसुदा लग्नाच्या किमान दहा दिवस आधी पाठवा, कारण तो फोन करायला आणि समोरच्याला आठवायला वेळ लागतो.