दहा बोटांवर १०२३

दहा बोटांवर द्विमान पद्धतीनं १०२४ पर्यंत मोजता येतं, असं विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते एकानं चुकलेलं आहे. बोटांच्या मांडण्या १०२४ होतात हे खरं, पण दाखवता येणारी सर्वांत मोठी संख्या १०२३ आहे. हा एकाचा फरक कुठून येतो ते नीट पाहिलं, तर द्विमान पद्धतीचं निम्मं मर्म हातात येतं.

बोटांवर मोजण्याची आपली नेहमीची रीत अशी, की एक बोट म्हणजे एक. या रीतीत कोणतं बोट उघडलं याला काही अर्थ नसतो, किती उघडली एवढंच महत्त्वाचं. म्हणून गाडी दहावर थांबते. आपल्याकडे पेरांवर मोजण्याची रीत याहून सरस आहे. अंगठा बाकीच्या चार बोटांच्या पेरांवरून फिरवत एका हातावर बारा मोजता येतात. ती सरस आहे, कारण अंगठा कुठे टेकला आहे यालाही तिथे अर्थ असतो. द्विमान पद्धती हाच विचार टोकाला नेते आणि प्रत्येक बोटाला स्वतःची वेगळी किंमत देते.

दोन्ही तळवे आपल्या तोंडासमोर धरा, बोटं वर. उजव्या टोकाला उजवा अंगठा येईल, त्याची किंमत १. तिथून डावीकडे सरकताना किंमत दुप्पट होत जाते. उजवी तर्जनी २, मधलं बोट ४, अनामिका ८, करंगळी १६. मग डावी करंगळी ३२, अनामिका ६४, मधलं बोट १२८, तर्जनी २५६ आणि डाव्या टोकाचा अंगठा ५१२. मिटलेलं बोट म्हणजे शून्य, सरळ बोट म्हणजे त्याची किंमत. सरळ बोटांच्या किमतींची बेरीज ही आपली संख्या. काही जण उजव्या करंगळीला १ धरतात, पण मला अंगठाच योग्य वाटतो. १ किमतीचं बोट दर पावलाला हलवावं लागतं, आणि सगळ्यांत मोकळेपणानं हलतो तो अंगठा.

आता मोजायला लागू. इथे बेरजा करत बसायची गरजच नाही, आणि या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच. नियम एकच: उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करून डावीकडे जा, वाटेत सरळ बोटं लागतील ती मिटत चला, पहिलं मिटलेलं बोट लागलं की ते सरळ करा आणि थांबा. झालं, संख्या एकानं वाढली.

शून्यापासून करून बघा. अंगठा मिटलेला आहे, तो सरळ केला, १ झाला. पुन्हा नियम लावला, अंगठा सरळ आहे म्हणून मिटला, तर्जनी मिटलेली आहे म्हणून सरळ केली. २. मग अंगठा सरळ, ३. आता अंगठा आणि तर्जनी दोन्ही सरळ आहेत, दोन्ही मिटली आणि मधलं बोट उघडलं. ४. तिसरी-चौथीत बेरीज करताना नवाच्या पुढे गेलो की हातचा एक घेतो, तेच इथे चाललंय. फरक इतकाच, की तिथे दहा झाल्यावर हातचा येतो आणि इथे दोन झाल्याबरोबर. मिटणारं प्रत्येक बोट आपली किंमत शेजाऱ्याकडे सोपवतं. १ आणि वरचा १ मिळून २, म्हणून अंगठा मिटतो आणि तर्जनी उघडते. तर्जनी आधीच उघडी असेल तर २ आणि २ मिळून ४, म्हणून तीही मिटते.

हा हातचा कधी लांबवर जातो, पण क्वचितच. अंगठा दर पावलाला हलतो, तर्जनी दर दुसऱ्या, मधलं बोट दर चौथ्या, अनामिका दर आठव्या. शून्यापासून १०२३ पर्यंत जाताना उजवा अंगठा १०२३ वेळा हलतो, तर्जनी ५११ वेळा, मधलं बोट २५५ वेळा, असं निम्मं निम्मं होत डावा अंगठा फक्त एकदा हलतो. सगळ्या हालचालींची बेरीज २०३६ येते, म्हणजे एका पावलाला सरासरी दोनाहून किंचित कमी. सेकंदाला एक या गतीनं संपूर्ण मोजणी सतरा मिनिटं आणि तीन सेकंदांत संपते. त्यातलं सर्वांत अवघड पाऊल ५११ वरून ५१२ वर जाण्याचं. तिथे नऊ बोटं एकदम मिटतात आणि डावा अंगठा एकटा उघडतो.

आता १०२३ कडे येऊ. दहाही बोटं सरळ आहेत. एक वाढवायचं तर नियम काय सांगतो? सरळ बोटं मिटत चला. दहाही मिटली, पण उघडायला पुढचं बोटच नाही. अकरावं बोट असतं तर त्याची किंमत १०२४ असती. म्हणजे दहा बोटांची बेरीज १०२४ पेक्षा बरोबर एकानं कमी, १०२३. हे प्रत्येक टप्प्यावर खरं आहे: १ + २ + ४ म्हणजे ७, पुढच्या बोटाहून एकानं कमी. पाच बोटांची बेरीज ३१, पुढची करंगळी ३२. त्यामुळे कोणतीही संख्या मध्ये सुटत नाही आणि कोणतीही दोन प्रकारे दाखवता येत नाही. मांडण्या १०२४, संख्याही १०२४, पण मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून शेवटची १०२३.

किमती दुसऱ्या कुठल्या ठेवल्या तर अधिक पुढे जाता येईल का? तिप्पट करत जाऊन १, ३, ९, २७ अशा किमती दिल्या, तर दहा बोटांची बेरीज २९,५२४ होते. आकडा मोठा, पण २ दाखवताच येत नाही, ५ नाही, ६ नाही. प्रत्येक बोटाच्या दोनच अवस्था असतील तर मांडण्या १०२४ हून जास्त होणारच नाहीत. एकही संख्या न गाळता मोजायचं असेल, तर १०२३ च्या पुढे जाणारी कोणतीच किंमतवाटणी शक्य नाही.

मध्येच एखादी संख्या दाखवायची असेल तर? ३६५ घेऊ. तिला निम्मं करत जायचं. विषम असेल तर एक सोडून निम्मं करायचं आणि त्या पाळीचं बोट सरळ ठेवायचं, सम असेल तर मिटलेलं. ३६५ विषम, अंगठा सरळ, उरले १८२. सम, तर्जनी मिटलेली, ९१. विषम, मधलं बोट सरळ, ४५. विषम, अनामिका सरळ, २२. सम, करंगळी मिटलेली, ११. आता डावा हात: ११ विषम, करंगळी सरळ, ५. विषम, अनामिका सरळ, २. सम, मधलं बोट मिटलेलं, १. विषम, तर्जनी सरळ, उरलं शून्य, म्हणून अंगठा मिटलेला. पडताळा: १ + ४ + ८ + ३२ + ६४ + २५६ म्हणजे ३६५.

ही निम्मं करण्याची युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात जवळजवळ अशीच आहे. लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या क्रमानं लिहिल्या की त्याला प्रस्तार म्हणतात. अमुक क्रमांकाच्या ओळीत कोणती मांडणी असेल हे शोधायची रीत म्हणजे नष्ट. क्रमांक सम असेल तर निम्मा करा आणि लघु लिहा, विषम असेल तर एक मिळवून निम्मा करा आणि गुरू लिहा. गुरूला मिटलेलं बोट आणि लघूला सरळ बोट माना, मग दहा अक्षरांच्या चरणाचा प्रस्तार म्हणजे आपल्या दहा बोटांच्या १०२४ मांडण्या होतात. फक्त पिंगल पहिल्या ओळीला १ म्हणतो आणि आपण ० म्हणतो. म्हणून सर्व लघूंची शेवटची ओळ त्याच्याकडे १०२४ वी आणि आपल्याकडे १०२३. सुरुवातीला सांगितलेली चूक होते ती याच जागी, ओळीचा क्रमांक आणि संख्या यांची गल्लत झाल्यामुळे. पिंगलाची ही कामगिरी अस्सल आहे, आणि तिच्यावर ‘संगणक आपल्याकडे आधीच होता’ अशा दाव्यांचं ओझं घालणं मला अन्यायाचं वाटतं. त्यानं मांडण्या मोजल्या, त्यांच्यावर बेरीज-वजाबाकी केली नाही. ० आणि १ या दोनच अंकांनी सगळं अंकगणित कसं करता येतं हे जर्मन गणितज्ञ लायबनिट्झनं १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. दोघांचं काम वेगळं आहे आणि दोन्ही जसं आहे तसं सांगितलं तरी पुरेसं मोठं आहे.

प्रत्यक्ष हातावर करताना गाडी अडते ती ८ वर. फक्त अनामिका सरळ आणि बाकीची चारही मिटलेली, हे बहुतेकांना जमत नाही. चारही बोटं सरळ करणारा स्नायू सामाईक आहे आणि त्याच्या कंडरा प्रत्येक बोटाकडे जातात. तर्जनी आणि करंगळीला शिवाय आपापला स्वतंत्र स्नायू असतो, अनामिकेला नसतो. त्यात तळहाताच्या मागच्या बाजूला तिची कंडरा दोन्ही शेजाऱ्यांच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असते. शेजारची बोटं घट्ट मिटली की त्या पट्ट्या तिला मागे ओढून धरतात. एरवी आपण अंगठ्यानं शेजारची बोटं दाबून धरतो, पण इथे अंगठाही मोजणीत गुंतलेला असतो. उपाय म्हणजे बोटं मिटायची नाहीत. हात टेबलावर पालथे ठेवा आणि किंचित उचललेलं बोट म्हणजे सरळ असं धरा. शेजारची बोटं सपाट असली की अनामिका थोडी का होईना उचलता येते. किंमत बोटाची आहे, जागेची नाही, त्यामुळे हात पालथे केल्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते समोरचा माणूस वाचायला लागला की. हात वर धरलेले असताना त्याला क्रम उलटा दिसतो. तुम्ही ६ दाखवलेत, म्हणजे उजवी तर्जनी आणि मधलं बोट, तर आपल्या उजव्या टोकापासून मोजणारा माणूस ३८४ वाचेल. म्हणून कोणत्या अंगठ्यापासून सुरुवात आहे हे आधी सांगायला हवं.

आणि १०२३ ही मर्यादा दोन अवस्थांची आहे, हाताची नाही. मिटलेलं, अर्धं वाकलेलं आणि सरळ अशा तीन अवस्था स्वच्छ ठेवता आल्या, तर मांडण्या ५९,०४९ होतात आणि सर्वांत मोठी संख्या ५९,०४८. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूनं इ. स. ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिताना दोन हातांवर ९९९९ पर्यंत दाखवण्याची रीत नोंदवली आहे. तीत डाव्या हाताची शेवटची तीन बोटं कमी-अधिक वाकवून एकं दाखवतात, तर्जनी आणि अंगठ्यानं दहं, आणि शतक-हजार उजव्या हातावर. मात्र ‘अर्धं वाकलेलं’ नेमकं किती, हे पाहणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं. एखादी अनामिका अर्धी वाकली आहे की नुसती शेजारणीमुळे ओढली गेली आहे, हे तिसऱ्या अवस्थेत ओळखणं फार कठीण जातं. दोनच अवस्था असल्या की ही शंका बरीच कमी होते, आणि त्याच्या बदल्यात आपण १०२३ वर थांबतो.